जुना नंबर, नवा फोन आणि न उघडणारं खातं

"आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मला वीस-पंचवीस मिनिटं बोलायचंय. विषय दिलाय: आपली खाती सुरक्षित कशी ठेवावीत आणि खातं उघडेनासं झालं तर काय करावं. बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे आहेत, फोन रोज वापरतात, पण सेटिंगमध्ये जायला घाबरतात. नेमकं काय सांगू आणि काय गाळू?"

वीस मिनिटांत एकच खातं घ्या, ईमेलचं. बाकी सगळं त्याच्या मागे लावा. मी बरीच वर्षं अशा मंडळींच्या फोन-संगणकाच्या अडचणी सोडवतो आहे. माझा अनुभव असा, की अशा भाषणात वक्ता चोरांपासून सुरुवात करतो. लोक घाबरतात, माना डोलावतात आणि घरी जाऊन काहीच करत नाहीत. माझ्याकडे "खातं उघडत नाही" म्हणून येणाऱ्यांत चोराने घात केलेले थोडे असतात. बहुतेकांनी नंबर बदललेला असतो, नाहीतर फोन बदललेला असतो, आणि ते खात्याला सांगायचं राहून गेलेलं असतं. तेव्हा सुरुवात तिथून करा.

पहिलं वाक्य प्रश्नाचं असू द्या: "हा फोन आत्ता तुमच्या हातातून नाहीसा झाला, तर दुसऱ्या फोनवर तुमचा ईमेल कसा उघडाल?" आणि गप्प बसा. कुणी म्हणेल पासवर्ड घालू. विचारा, पासवर्ड कुठे आहे? कुणी म्हणेल कोड येईल. विचारा, कोणत्या नंबरवर? दोन-तीन मिनिटं हे चाललं की विषय आपोआप उभा राहतो.

मग ईमेलच का, ते दाखवून द्या, नुसतं सांगू नका. तुमच्या स्वतःच्या एखाद्या बिनमहत्त्वाच्या खात्याचं लॉगिनचं पान मोठ्या पडद्यावर उघडा आणि Forgot password? वर दाबा. पडद्यावर येईल, की तुमच्या ईमेलवर लिंक पाठवली आहे. ईमेल उघडा, लिंक दाबा, नवा पासवर्ड घाला. एका मिनिटात खातं तुमचं. आता सांगा, की माझा ईमेल ज्याच्या हातात असेल त्यालाही हे एका मिनिटात जमलं असतं, आणि ईमेलच माझ्या हातात नसता तर मला जमलं नसतं. ईमेल हा किल्ल्यांचा जुडगा आहे, हे यापेक्षा सोप्या रीतीने मला तरी सांगता आलेलं नाही.

यानंतर एक खरी हकिगत सांगा. मी नेहमी ही सांगतो, तुम्ही हवी तर वापरा.

एक आजोबा, वय चौऱ्याहत्तर. मुलीने त्यांना नवा फोन घेऊन दिला आणि सोबत नवा नंबरही. जुनं सिम काही आठवडे ड्रॉवरमध्ये चालू स्थितीत पडून होतं, मग ते बंद केलं. जुना फोन पुसून कुणाला तरी दिला. नव्या फोनवर ईमेल छान चालत होता, कारण फोन लावताना जुनं सिम जिवंत होतं आणि तपासणीचा कोड त्यावर आला होता. पुढे चार महिने कुणाला काही कळलं नाही. मग नवा फोन पाण्यात पडला.

तिसरा फोन आला. आजोबांनी पासवर्ड घातला, तो बरोबर होता. पडद्यावर आलं, की ४७ने संपणाऱ्या नंबरवर कोड पाठवला आहे. आजोबांचा नंबर १२ने संपतो. पण ही दोन अक्षरं त्यांनी वाचलीच नाहीत. ते कोडची वाट बघत बसले, "पुन्हा पाठवा" सहा वेळा दाबलं. मग भाच्याच्या घरी जाऊन त्याच्या लॅपटॉपवर प्रयत्न केला. तिथे पासवर्डच चुकत असेल असं वाटून जुने-नवे चार-पाच घालून पाहिले. थोड्या वेळाने पडद्यावर आलं, की फार प्रयत्न झाले, नंतर या. मग त्यांनी गूगलवर "ईमेल कस्टमर केअर नंबर" शोधला आणि पहिला सापडलेला नंबर लावला. पलीकडच्या गोड आवाजाच्या माणसाने एक ॲप घ्यायला सांगितलं, म्हणजे त्याला यांचा पडदा दिसेल. नशीब, की त्याने लगेच पैशांचं काढलं आणि आजोबांनी फोन ठेवला.

इथे थांबून संघातल्या मंडळींना विचारा, चूक कुठे झाली? सगळे म्हणतील, तो फोन करायला नको होता. ते खरंच आहे, पण ती शेवटची चूक. पहिली चूक चार महिन्यांपूर्वीची, जुनं सिम बंद केलं तेव्हाची. आणि हे कुणालाच चूक वाटत नाही, हाच खरा घोळ. त्यातही एक टोक आहे, ते आवर्जून सांगा: बंद केलेला नंबर मोबाइल कंपन्या काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देतात. म्हणजे ४७वाला नंबर उद्या कुणा अनोळखी माणसाकडे असेल आणि आजोबांचे कोड त्याच्या फोनवर वाजतील.

आजोबा माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्याजवळ काय होतं, ते मी आधी विचारलं. डायरीत पासवर्ड होता, एक खोडलेला आणि एक चालू. रिकव्हरीसाठी दिलेला दुसरा ईमेल होता, पण तो मुलाने फार वर्षांपूर्वी काढून दिलेला, कुणीच न उघडलेला. तो पत्ता आता अस्तित्वातच नव्हता. मग मी विचारलं, घरात आणखी कुठलं जुनं उपकरण आहे का, ज्यावर कधी ईमेल पाहिला होता? बराच वेळ नाही-नाही झालं. मग आजींना आठवलं, नातवाचे फोटो बघायचा टॅबलेट. कपाटात, चार्जिंग संपलेला.

तो टॅबलेट चार्ज केला आणि त्यांच्याच घरच्या वायफायवर लावला. ईमेल उघडला, कारण त्यावरून कधी लॉगआउट केलंच नव्हतं. तरी त्या दिवशी पुढे काही केलं नाही. आधीच फार प्रयत्न झाले होते, म्हणून एक दिवस जाऊ दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरी बसून नव्या फोनवर पासवर्ड घातला. ४७वाला कोड मागितल्यावर Try another way दाबलं आणि पर्यायांतून आधीपासून लॉगिन असलेल्या उपकरणावर विचारणा पाठवण्याचा पर्याय निवडला. टॅबलेटवर प्रश्न आला, लॉगिन करणारे तुम्हीच का? फोनच्या पडद्यावर जो आकडा दिसत होता तोच टॅबलेटवर निवडला. उघडलं. सगळं मिळून दहा मिनिटं. तो टॅबलेट नसता, किंवा आदल्या आठवड्यात कुणी "जुनं सामान" म्हणून पुसून टाकला असता, तर हे खातं परत मिळालं असतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. काही खाती कधीच परत मिळत नाहीत. हे श्रोत्यांपासून लपवू नका.

या हकिगतीतून तुमचं अर्धं भाषण निघतं. आधी काय करून ठेवायचं, ते सांगा. तीनच गोष्टी सांगा, जास्त नको.

पहिली, खात्याला आपला चालू नंबर माहीत आहे का ते बघणं. खात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा विभाग असतो, तिथे रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल दिसतात. नंबर जुना असेल तर बदलायचा. गूगलच्या खात्यात नंबर बदलल्यावरही ७ दिवस जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय दिसू शकतो. यामागे हेतू असा, की चोराने नंबर बदलला तर खऱ्या मालकाला आठवडाभर परतीची वाट राहावी. पण आपल्यासाठी याचा अर्थ वेगळा: जुनं सिम बंद करायचं असेल तर आधी नंबर बदलायचा, मग निदान दोन आठवडे सिम चालू ठेवायचं. नंबर बदलायची एक वहीतली यादीच करायची, ईमेल पहिला, बँक दुसरी, मग बाकीचे. सगळ्यांपुढे खूण झाली की सिम बंद.

रिकव्हरी ईमेलचं दुखणं वेगळं आहे. तो पत्ता असणं पुरेसं नाही, तो उघडतही असला पाहिजे. गूगलच्या नियमानुसार २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकलं जाऊ शकतं. म्हणजे "दुसरा पत्ता देऊन ठेवलाय" म्हणून निर्धास्त असलेल्या माणसाची मागची वाट केव्हाच बुजलेली असते. माझा सल्ला, स्वतःचाच दुसरा पत्ता काढण्यापेक्षा विश्वासातल्या माणसाचा, म्हणजे मुलाचा, सुनेचा, बहिणीचा, रोज उघडणारा पत्ता द्या. मात्र एक अट. त्या माणसाला हे सांगून ठेवायचं, नाहीतर कोड आल्यावर तोच फसवणूक समजून पुसून टाकतो. हे मी प्रत्यक्ष पाहिलंय.

दुसरी गोष्ट, बॅकअप कोड. माझ्या मते ज्येष्ठांसाठी यापेक्षा कामाची सोय नाही आणि हीच सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे. दोन टप्प्यांची तपासणी चालू असेल, म्हणजे पासवर्डनंतर कोड मागत असेल, तर सुरक्षेच्या विभागात Backup codes असं दिसतं. गूगल तिथे १० कोड देतं, प्रत्येक ८ आकड्यांचा. फोन हरवला, सिम बंद पडलं, परगावी नेटवर्क नाही, तर एसएमएसच्या कोडऐवजी यातला एक घालायचा. एक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडायचा. नवा संच काढला की जुना सगळा रद्द होतो. म्हणून कागदावर तारीख हवीच, नाहीतर दोन कागद सापडतात आणि कुठला खरा ते कळत नाही.

हे कोड छापून घ्या किंवा मोठ्या अक्षरात हाताने उतरवून घ्या. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, कारण फोन हरवला की कोडही गेले. आजोबांकडे हा कागद असता तर टॅबलेट शोधायची वेळच आली नसती. एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगा: बॅकअप कोड पासवर्डची जागा घेत नाही, तो दुसऱ्या टप्प्याची जागा घेतो. पासवर्ड माहीत असायलाच हवा.

मग पासवर्ड कुठे ठेवायचा? इथे माझ्याशी काही तरुण भांडतात, पण मी ठाम आहे. घरात राहणाऱ्या ज्येष्ठ माणसाने पासवर्ड वहीत लिहावा. खातं फोडणारा माणूस परक्या गावात संगणकापुढे बसलेला असतो, तो तुमच्या कपाटात हात घालत नाही. वही पर्समध्ये नको, फोनच्या कव्हरमध्ये नको, घरातल्या महत्त्वाच्या कागदांसोबत हवी. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांबद्दल शंका असेल तर पासवर्डचा एक शब्द वहीत न लिहिता डोक्यात ठेवायचा.

पासवर्ड स्वतः मोठा हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे शब्द सलग लिहिले तर तो लक्षात राहतो आणि वाचता येतो. नातवाचं नाव आणि जन्मसाल नको, ते घरातल्या सगळ्यांना आणि निम्म्या सोसायटीला माहीत असतं. ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या कुठेही वापरायचा नाही, हा एकच नियम पक्का सांगा. एखादं लहानसं संकेतस्थळ फुटलं की तिथले ईमेल पत्ते आणि पासवर्ड यांच्या जोड्या बाहेर पडतात आणि त्या जोड्या यंत्राने दुसरीकडे घालून पाहिल्या जातात. तुमच्यावर कुणाचा डोळा असायची गरज नसते. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, हे जुनं पथ्य मात्र सोडून द्यायला सांगा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७च्या मार्गदर्शनात विनाकारण ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये असंच म्हटलं आहे. वारंवार बदलणारा माणूस शेवटी एक-दोन-तीन जोडत जातो आणि स्वतःच अडकतो.

तिसरी गोष्ट व्हॉट्सॲपची, कारण संघात प्रत्येकाकडे ते असणारच. सेटिंग, अकाउंट, आणि तिथे Two-step verification. सहा आकड्यांचा पिन ठरवायचा आणि विचारेल तेव्हा ईमेलही द्यायचा. ईमेल वगळला आणि पिन विसरला तर ७ दिवस थांबावं लागतं. पिन त्याच वहीत. यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका.

आता दुसरा भाग, खातं उघडेना तर. लोकांना एकच वाक्य पाठ करवा: आधी पडदा वाचायचा. मोठ्याने वाचायचा, शक्य असेल तर कुणाला तरी वाचून दाखवायचा. कारण "उघडत नाही" हे तीन वेगवेगळे आजार आहेत आणि पडदाच सांगतो कोणता.

पासवर्ड चुकीचा आहे असं म्हणत असेल तर आधी वही बघायची, मग मोठी-लहान अक्षरं आणि कीबोर्डची भाषा. मराठी कीबोर्ड चालू असताना पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे काय टाइप होतंय ते कळत नाही. ठिपक्यांच्या बाजूला डोळ्याचं चित्र असतं, ते दाबलं की अक्षरं दिसतात. हे चित्र त्या सभागृहात दाखवाल तेव्हा पाच-सहा जण तरी "अरेच्चा" म्हणतील, पैज लावतो.

पासवर्ड बरोबर आहे पण कोड येत नाही, हा दुसरा प्रकार, आजोबांचा. इथे नंबरची शेवटची दोन अक्षरं बघायची. आपलीच असतील तर नेटवर्क आहे का ते पाहायचं, फोन एकदा बंद-चालू करायचा आणि थोडं थांबायचं. अनेकदा दाबलं तर अनेक कोड येतात आणि शेवटचाच चालतो, लोक नेमका पहिला घालतात. सिम हरवलं असेल पण नंबर आपल्याच नावावर असेल तर मोबाइल कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जायचं आणि त्याच नंबरचं नवं सिम घ्यायचं. बऱ्याचदा सगळा प्रश्न तिथेच मिटतो, ईमेलच्या मागे लागायची गरजच नसते. नंबर आपला उरलाच नसेल तर Try another way, बॅकअप कोड, किंवा जुनं उपकरण.

यापैकी काहीच नसेल तर रिकव्हरीचं पान. गूगलसाठी पत्ता हा, पाटीवर मोठा लिहून ठेवा:

```
g.co/recover
```

इथे माणूस बसलेला नसतो, यंत्र अंदाज घेतं, की विचारणारा मालकच आहे का. म्हणून जिथून रोज ईमेल उघडायचा तीच जागा, तेच उपकरण, तोच ब्राउझर वापरायचा. भाच्याच्या लॅपटॉपवरून आजोबांनी प्रयत्न केला तेव्हा यंत्राला दिसलं अनोळखी उपकरण, अनोळखी जागा आणि चुकणारे पासवर्ड. चोर अगदी असाच दिसतो. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला तर जुना का होईना, नेमका आठवत असलेला द्यायचा. प्रश्न सोडून द्यायचे नाहीत, अंदाज असेल तर अंदाज लिहायचा. आणि नाही म्हटलं तर त्याच दिवशी वीस वेळा दार ठोठवायचं नाही. दिवस-दोन दिवस जाऊ द्यायचे आणि दरम्यान घरात जुना फोन किंवा टॅबलेट शोधायचा. जे उपकरण अजून आत आहे त्यावरून लॉगआउट करायचं नाही, हे दोनदा सांगा. घाबरलेला माणूस "सगळीकडून बाहेर पडून पुन्हा आत येऊ" असं करतो आणि उरलेलं एकमेव दार स्वतःच लावून घेतो.

तिसरा प्रकार खऱ्या चोरीचा. ओळखायचं कसं? पासवर्ड आत्ता काही वेळापूर्वी बदलला गेलाय असं पडदा सांगतो, किंवा रिकव्हरी नंबर आपला नसतो, किंवा "तुमचा पैशांचा निरोप आला होता, पाठवू का?" असे ओळखीच्यांचे फोन येतात. इथे मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी रिकव्हरी करायची आणि बँकेला कळवायचं. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यायचा.

ईमेल परत मिळाला की लोक पासवर्ड बदलून सुस्कारा सोडतात. इथे एक गोष्ट कायम राहून जाते. चोर आत असताना एक नियम लावून ठेवतो, की येणारी पत्रं माझ्या पत्त्यावरही पाठव, किंवा बँकेची पत्रं परस्पर कचऱ्यात टाक. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच राहतो. जीमेलमध्ये संगणकावरून सेटिंग उघडायचं आणि Forwarding and POP/IMAP तसंच Filters and Blocked Addresses या दोन जागी आपण न लावलेलं काही आहे का ते पाहायचं. हे ज्येष्ठांनी एकट्याने करावं अशी अपेक्षा नको. "हे दोन शब्द मुलाला दाखवा" म्हणून कागदावर छापून द्या. सोबत कोणकोणती उपकरणं आत आहेत ती यादी, आणि रिकव्हरी नंबर-ईमेल पुन्हा एकदा.

व्हॉट्सॲप कुणी पळवलं तर आपल्या फोनवर आपल्याच नंबरने पुन्हा नोंदणी करायची. एसएमएसने आलेला सहा आकडी कोड घातला, की पलीकडचा माणूस तत्क्षणी बाहेर पडतो. त्याने पिन लावून ठेवला असेल तर आपल्याला आत जायला ७ दिवस लागू शकतात, पण तोही आत नसतो. हे कळलं की माणसाची धडधड निम्मी होते. आणि मुळात ते जातं कसं? "काका, चुकून माझा कोड तुमच्या नंबरवर गेला, सांगता का?" असा निरोप ओळखीच्याच नावाने येतो, कारण त्या ओळखीच्याचं खातं आधीच गेलेलं असतं. तुमच्या फोनवर आलेला कोड तुमचाच असतो, दुसऱ्याचा कधीच नसतो.

आजोबांनी लावलेल्या त्या फोनकडे शेवटी एकदा परत या. अडकलेला माणूस मदत शोधतो तेव्हा सगळ्यात हळवा असतो, आणि भामट्यांना हे ठाऊक आहे. शोधल्यावर वर दिसणारा "कस्टमर केअर" नंबर कुणीही टाकलेला असू शकतो. फुकट ईमेलचं खातं फोनवरून पैसे घेऊन उघडून देणारी खिडकीच नसते. गूगल स्वतः सांगतं, की खातं किंवा पासवर्ड सोडवून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही सेवेशी आमचा संबंध नाही. आणि ज्याला तुमचा पडदा दिसतो त्याला तुमचे कोडही दिसतात. त्यामुळे फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून एकही ॲप घ्यायचं नाही. असं ॲप घेतलं गेलंच असेल तर आधी इंटरनेट बंद करायचं, ॲप काढायचं, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून बँकेला कळवायचं.

गाळायचं काय, तेही विचारलंत. व्हायरस, अँटिव्हायरस, सार्वजनिक वायफाय, कृत्रिम आवाजाचे फोन, हे सगळं गाळा, वेगळ्या दिवशी घ्या. पासकी नावाची नवी सोय आहे, त्यात पासवर्डऐवजी फोनचं बोट किंवा चेहरा चालतो. कुणी विचारलं तर सांगा चांगली आहे, पण ज्यावर ती ठेवली ते उपकरण एकच असेल तर कागदावरचे कोड तरीही हवेत.

आणि एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुम्ही करू नका. माझ्या पहिल्या अशा कार्यक्रमात मी उत्साहाने म्हटलं, चला, आत्ताच सगळे पासवर्ड बदलू या. चाळीस माणसं, दोन मदतनीस, वह्या घरी. पुढचा आठवडाभर मी त्यातल्या नऊ जणांची खाती सोडवत बसलो होतो. सभागृहात पासवर्ड बदलायचा नाही, दुसऱ्याच्या फोनवर तुम्ही टाइप करायचं नाही, कुणी पासवर्ड ओरडून सांगायला लागलं तर थांबवायचं. तिथे फक्त बघायचं: रिकव्हरी नंबर कुठला दिसतो, शेवटची दोन अक्षरं आपली आहेत का. चूक असेल तर कागदावर लिहून घ्यायचं आणि घरी, वही समोर ठेवून, कुणीतरी शेजारी बसलेलं असताना दुरुस्त करायचं.

प्रत्येकाला एक कोरा कागद द्या, मोठ्या अक्षरात छापलेला. त्यावर ईमेलचा पत्ता, रिकव्हरी नंबर, रिकव्हरी ईमेल कुणाचा, बॅकअप कोड काढल्याची तारीख, आत असलेलं दुसरं उपकरण कोणतं, आणि बँकेचा कार्डावरचा नंबर, एवढ्याच जागा. पासवर्डची जागा या कागदावर ठेवू नका, तो वहीत. महिनाभराने पुन्हा पंधरा मिनिटं मागून घ्या आणि कागद किती भरले ते विचारा. माझ्याकडे पहिल्या खेपेला निम्मेही भरलेले नसतात, आणि "दुसरं उपकरण" ही जागा तर जवळजवळ सगळ्यांची रिकामी असते. तिथे घरातला जुना टॅबलेट नाहीतर मुलीने ठेवून दिलेला फोन कामी येतो. ईमेल त्यावर उघडून ठेवायचा, त्याला पडद्याचं कुलूप लावायचं आणि महिन्यातून एकदा चार्ज करून उघडून बघायचा.